तार लावली म्हणून दिवसभर गोडच का?

*माझी मुलगी १२ वर्षांची आहे, सातवीत. चार दिवसांपूर्वी वरच्या आणि खालच्या दोन्ही दातांना तार लावली. तेव्हापासून पोळीचा तुकडा तोंडात घेतला तरी डोळ्यांत पाणी येतं. सध्या दुधात बुडवलेली बिस्किटं, मिल्कशेक, आईस्क्रीम आणि सासूबाई करतात तो गुळाचा शिरा यांवरच ती आहे. डॉक्टरांनी सांगितलं, "मऊ द्या आणि गोड टाळा." पण मऊ म्हटलं की मला गोडच सुचतं. सासूबाई म्हणतात, "काहीतरी पोटात जाऊ दे, गुळानं काही होत नाही." मी सकाळी ६:५० ला मुलुंडहून लोकल पकडते, त्यामुळे डबा पहाटेच भरावा लागतो. आम्ही अंडी-मासे खातो. तिला नेमकं काय देऊ?*

*— एक आई, मुलुंड*

आधी एक सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचं ओझं उतरेल. पहिल्या दिवशी आईस्क्रीम दिलंत, त्यात काही चुकलं नाही. मी दातांची डॉक्टर आहे आणि माझ्या मुलाला तार लावली त्या रात्री मीही तेच दिलं होतं. पण त्या आईस्क्रीमनं आराम पडला तो गोडीमुळे की गारव्यामुळे, हे एकदा पाहायला हवं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

तार दातावर सतत हलका जोर देते. दात आणि हाडाच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. तो एका बाजूला दाबला जातो आणि तिथे सूज येते. या सुजेतूनच पुढे दात सरकतो, म्हणून हे दुखणं उपचाराचाच भाग आहे. तार लावल्यावर साधारण चार-पाच तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतो आणि आठवड्याभरात बहुतेक मुलं पुन्हा पोळी खाऊ लागतात. सुजेला गारवा बरा वाटतो. शिवाय सुरुवातीला बसवतात त्या निकेल-टायटॅनियमच्या तारांपैकी काही तोंडाच्या उष्णतेवर काम करतात, गार लागलं की त्या थोडा वेळ नरम पडतात आणि जोर कमी होतो. गार ताकाच्या चार घोटांनीही तोच आराम मिळतो. साखरेचा त्यात काही हात नाही. बर्फ मात्र चावू देऊ नका, त्यानं ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, निघतो.

आता तिचा एक दिवस तुमच्या पत्रावरून माझ्या डोळ्यांसमोर आणते. सकाळी दूध-बिस्किटं, मधल्या सुट्टीत काहीतरी गोड, दुपारी शिरा, संध्याकाळी मिल्कशेक आणि रात्री आईस्क्रीम. तुम्हाला काळजी आहे ती साखर किती गेली याची. दातांसाठी त्याहून मोठा प्रश्न आहे तो साखर किती वेळा गेली याचा. गोड तोंडात पडलं की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांतच त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून खनिजं विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दिवसातून पाच वेळा गोड म्हणजे पाच वेळा हे चक्र. आणि मिल्कशेकचा ग्लास घेऊन ती अभ्यासाला बसली आणि तासभर घोट घोट पीत राहिली, तर लाळेला सावरायला फुरसतच मिळत नाही.

तार नसताना जीभ, गाल आणि लाळ मिळून दात बरेच स्वच्छ ठेवतात. तार लागली की प्रत्येक ब्रॅकेटच्या भोवती, विशेषतः ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, अन्न जाऊन बसतं आणि ब्रशही तिथे नीट पोचत नाही. दुधात भिजलेलं बिस्किट तर अगदी तिथेच पिठासारखं चिकटून राहतं, त्यात मैदा आणि साखर दोन्ही. या पट्टीत खडूसारखे पांढरे डाग पडतात. सफाई आणि खाणं दोन्ही बिघडलं तर महिन्याभरातही ते दिसू लागतात, आणि तार काढल्यावर दात सरळ पण डागाळलेले निघतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी गोड टाळायला सांगितलं. काय द्यायचं तेही त्यांनी सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे.

गुळाबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. गूळ हासुद्धा बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच. त्यात थोडी खनिजं असतात, पण दातावरच्या जंतूंना त्यानं काही फरक पडत नाही, आणि चिकटपणात तर गूळ साखरेच्या पुढे आहे. मध, खजूर आणि मनुका यांचंही तेच. "पौष्टिक" म्हणून खजुराचे लाडू करून देणाऱ्या कितीतरी आया मला भेटतात. तारेवर चिकटलेला खजूर ब्रशनंही पटकन निघत नाही.

आणि "काहीतरी पोटात जाऊ दे" हे आजीचं म्हणणं मायेचं आहे, पण पोटात काय जातंय तेही बघू या. या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं लागतात. बिस्किटं, शिरा आणि आईस्क्रीम यांतून पोट भरतं, प्रथिनं मात्र थोडीच मिळतात. दोन दिवसांनी तिला गळून गेल्यासारखं वाटलं तर तुम्ही दुखण्याला दोष द्याल, आणि कारण असेल ताटातलं.

आता ताटाकडे येऊ. मऊ म्हटलं की गोड सुचतं असं तुम्ही लिहिलंत, तर जरा तुमच्या माहेरी कुणाला ताप आल्यावर काय करायचे ते आठवून पाहा. पेज, मेतकूट घालून मऊभात, मुगाचं वरण, पिठलं. आपल्याकडचं आजारपणातलं जेवण मुळात मिठाचंच आहे. शिरा आणि खीर सणाच्या बाजूचे.

पहिले दोन-तीन दिवस घास चावावाच लागू नये, जिभेनं टाळ्यावर दाबला तरी मोडावा. घरातला प्रत्येक पदार्थ तुम्ही याच कसोटीवर तपासू शकता. बोटांच्या चिमटीत धरून दाबा. पीठ झालं तर चालेल, तुकडा उरला तर अजून शिजवा.

खिचडी करताना तांदूळ आणि मुगाची डाळ निम्मी-निम्मी घ्या. एक वाटी तांदूळ असेल तर एक वाटी डाळ, सहा-सात वाट्या पाणी, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या, आणि उतरल्यावर रवीनं घोटून घ्या. नेहमीच्या खिचडीत डाळ कमी पडते, ती इथे पुरेशी पडते. फोडणीत मोहरी आणि कढीपत्ता नको, मोहरीचे दाणे तारेखाली जाऊन बसतात. हिंग, जिऱ्याची पूड, वर साजूक तूप. तिखट अगदी बेताचं ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात ब्रॅकेटच्या कडा गालाला घासतात आणि आतून सोलवटलेल्या गालाला मिरची फार झोंबते.

पिठलंही तसंच. ते पातळ आणि गुठळी न होऊ देता केलं, बारीक चिरलेल्या कांद्याऐवजी किसलेला कांदा घातला, तर मऊभाताबरोबर ते चमच्यानं खाता येतं. बेसनात प्रथिनं चांगली असतात. तुम्ही रात्री पिठलं-भात केलंत तर घरातल्या इतरांनाही वेगळं काही करावं लागणार नाही. मुलीचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं असा स्वयंपाक नोकरी करणाऱ्या बाईला फार दिवस झेपत नाही, म्हणून मी मुद्दाम सगळ्यांना चालणारे पदार्थ सांगते आहे.

मिल्कशेकच्या जागी आंबील द्या. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून घ्यायचं, ते दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचं आणि सहा-सात मिनिटं मंद आचेवर ढवळत राहायचं. चकाकी आली की पीठ शिजलं. गार झाल्यावर वाटीभर ताक, मीठ आणि जिरेपूड घालून फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिला गारही मिळेल आणि पोटही भरेल. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. ती म्हणेल की याला चॉकलेटची चव नाही, आणि ते खरंच आहे. पहिल्या दिवशी अर्धा ग्लासच द्या.

अंडं असेल तर तुमचं काम सोपं आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. भुर्जी करताना दोन चमचे दूध घाला आणि अंडं ओलसर असतानाच गॅस बंद करा, म्हणजे ती कापसासारखी होते. कोरडी पडलेली भुर्जी चावावी लागते. आणि मासळी बाजारात ओले बोंबील मिळाले तर आणाच. तारेच्या मुलांसाठी याहून मऊ मासा मला माहीत नाही. तळायचे नाहीत, पातळ कालवण करायचं, सगळं उकळल्यावर बोंबील सोडायचे आणि पाच मिनिटांत उतरवायचे. मधला काटा तुम्ही स्वतः काढून मग भातावर घाला, कारण दुखऱ्या तोंडानं मूल काटा नीट शोधत नाही. पापलेटही चालेल. मटण आणि कोंबडीचे तुकडे मात्र आठवडाभर राहू द्या.

डब्याचा प्रश्न खरा अवघड आहे, कारण मऊ पदार्थ चार-पाच तासांत एक तर घट्ट होतात किंवा आंबतात. माझ्या मुलाच्या वेळी मी जे केलं ते सांगते. पहाटे मऊ शिजवलेला भात कुस्करून कोमट होऊ द्यायचा. कडकडीत नको, नाहीतर विरजण मरतं. त्यात वाटीभर कोमट दूध, एक चमचा दही आणि मीठ घालून डबा बंद करायचा. सकाळी साडेसहाला दूधभात असतो, मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा दहीभात होतो. मुंबईच्या उकाड्यात विरजण लवकर लागतं. आधीच दही घालून दिलेला भात तोवर आंबटढाण होतो, हा होत नाही. भात थोडा सैलच भरा, दूध भातात मुरतं. काकडी किसून घालू नका, तिला पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी इडली द्या, पण चटणीबरोबर कोरडी नको. डब्यातच तुकडे करून त्यावर गाळलेलं सांबार ओता, ती भिजून मऊ राहते. तिसऱ्या दिवशी आंबोळीचे तुकडे आणि मुगाच्या उसळीचा घोटलेला रस्सा. चमचा द्यायला विसरू नका. पुढच्या दातांनी तोडायचं काहीही डब्यात नको, कारण तारेच्या पहिल्या दिवसांत पुढचे दात दाढांपेक्षा जास्त दुखतात. म्हणूनच मऊ असला तरी पाव नको, तो पुढच्या दातांनीच तोडावा लागतो आणि लगदा होऊन तारेत बसतो. साबुदाण्याची खिचडीही मऊ दिसते, पण चिवट आणि चिकट असते, शिवाय त्यात दाण्याचं कूट.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून चावणं थोडं थोडं परत आणा. वरणफळं इथे फार उपयोगी पडतात, पोळीसारखीच चव आणि वरणात शिजलेली. मग वरणात कुस्करलेली पोळी, दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी, आणि मग साधी पोळी लहान तुकडे करून दाढांनी. फळांत पिकलं केळं, पपई किंवा वाफवलेलं सफरचंद द्या. फळाची साखर फळातच असते तोवर फारशी काळजी नको, रस काढला की ती मोकळी होते आणि साखरेसारखीच वागते. त्यामुळे "घरचा, साखर न घातलेला" रसही घोट घोट पिण्यासाठी नको. तहानेला पाणी.

गोड पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. १२ वर्षांच्या मुलीला दीड-दोन वर्षं तार ठेवायची आहे, त्या काळात वाढदिवसही येतील आणि गणपतीही. गोड खायचं ते जेवणाला जोडून, एकदाच, आणि मग खळखळून चूळ भरून दात घासायचे. रात्रीचं आईस्क्रीम तिला हवंच असेल तर ते रात्रीच्या जेवणानंतर लगेच द्या, टीव्हीसमोर दहा वाजता नको. आणखी दोन जागा तपासा, तिथे लक्ष जात नाही. दुधात घालायच्या चॉकलेटच्या पावडरी आणि फळांच्या चवीचं तयार दही यांच्या पाकिटावर साखरेचा आकडा वाचा. आणि दुखण्यासाठी डॉक्टरांनी गोड सिरप दिलं असेल, तर ते झोपताना दात घासल्यावर नाही, घासण्याआधी द्या. दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी त्यांना विचारल्याशिवाय नको, काही गोळ्या ज्या सुजेमुळे दात सरकतो तीच कमी करतात.

दात दुखतात म्हणून मुलं ब्रशही टाळतात, आणि या आठवड्यात तेच सर्वांत जास्त नडतं. मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून घ्या, तो आणखी मऊ होतो. फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि ब्रॅकेटच्या वर तिरका, मग खाली तिरका असा फिरवा. शेवटी तिला आरशासमोर उभं करून मोबाईलच्या उजेडात बघा. ब्रॅकेटची धातूची कड चकचकीत दिसायला हवी. ती मंद, पिवळसर दिसली तर तिथे थर उरलाय. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा चूळ भरली की सोलवटलेल्या गालालाही बरं वाटतं.

ती नेमकं कुठे दुखतं म्हणते हेही विचारा. सगळे दात बोथट दुखत असतील आणि चावताना जास्त, तर ते अपेक्षित आहे. गालाला किंवा जिभेला एकाच जागी टोचत असेल तर ती ब्रॅकेटची कड किंवा तारेचं टोक आहे. त्याला मऊ खाणं उपाय नाही, डॉक्टरांनी दिलेलं मेण त्या जागेवर लावा आणि टोचणारी तार कापून घ्यायला जा. एकच दात ठणकतोय, हिरडी सुजली आहे, ताप आहे, किंवा आठवडा झाला तरी दुखणं वाढतंच आहे, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा हा पहिला आठवडा संपलेला असेल. पण दर चार ते आठ आठवड्यांनी तार बदलतील किंवा आवळतील, आणि तेव्हा दोन-तीन दिवस पुन्हा हेच, थोडं सौम्य. शक्य असेल तर ती वेळ शुक्रवारी संध्याकाळची मागा. सर्वांत जास्त दुखण्याचा दिवस शनिवारी घरी जाईल आणि सोमवारच्या डब्यात वरणफळं चालतील. आणि ब्रॅकेटवर बसवतात त्या रबरी कड्या पांढऱ्या किंवा पारदर्शक निवडू देऊ नका. आपल्या वरणातल्या हळदीनं त्या दोन दिवसांत पिवळ्या होतात. त्यात अपाय काही नाही, पुढच्या वेळी बदलतातच, पण सातवीतल्या मुलीला महिनाभर पिवळे दात घेऊन शाळेत जाणं जड जातं आणि मग ती वरणच नको म्हणते. गडद निळा किंवा जांभळा रंग घ्या.

सासूबाईंना शिरा करू नका असं सांगू नका. त्यांना तिखटमिठाचा सांजा करायला सांगा, हात तोच आणि रवाही तोच. एका वाटीला साडेतीन वाट्या पाणी, म्हणजे तो शिऱ्याइतकाच मऊ होतो. फोडणीत उडीद-हरभऱ्याची डाळ आणि दाणे नकोत, मिरची अख्खी घालून नंतर काढून टाकायची, शेवटी वाटीभर ताक आणि वरून तूप. वाटीत काढून तो कोमट झाला की आजीनंच तिला भरवू दे.